खरेदीचं बटण दाबल्यानंतरचे चोवीस तास

मोबाइलवर खरेदीचं बटण दाबलं, ‘ऑर्डर पूर्ण’ अशी हिरवी पट्टी चमकून गेली, तरी त्या क्षणी शेअर आपल्या नावावर झालेला नसतो! तो होतो दुसऱ्या दिवशी. मधल्या चोवीस तासांत पडद्याआड जे घडतं ते समजल्यापासून मी भेटेल त्याला हेच सांगत सुटले आहे. शेअर कुठून निघतो, कुणाकुणाच्या हातून जातो, शेवटी कुठे जाऊन बसतो, आणि वाटेत कोण किती पैसे कापून घेतं हे सगळं आपल्याला दिसू शकतं. अगदी पैशापैशापर्यंत दिसू शकतं. फक्त कुठे बघायचं ते माहीत हवं.

मला ते दाखवलं माझ्या मावसबहिणीने. ताईची सगळी नोकरी एका ब्रोकरच्या बॅक ऑफिसात गेली. मी तिला सहज विचारलं, “ताई, माझे शेअर नेमके असतात कुठे? त्या ॲपमध्ये?” ती म्हणाली, “ॲपमध्ये काहीच नसतं गं. ॲप नुसतं दाखवतं. तुझ्या डिमॅट खात्याचा नंबर काढ आधी.”

नंबर काढला. सोळा आकडी. ताईने बोटाने मधोमध रेघ मारली आणि म्हणाली, “हे पहिले आठ ब्रोकरचे, हे नंतरचे आठ तुझे.” झालं, तिथून सुरुवात झाली!

भारतात शेअरच्या मालकीची नोंद ठेवणाऱ्या डिपॉझिटरी दोनच आहेत. एनएसडीएल नोव्हेंबर १९९६ मध्ये सुरू झाली आणि सीडीएसएल १९९९ मध्ये. दोन्ही मुंबईतल्या. आपला ब्रोकर किंवा आपली बँक ही त्यांची ‘डिपॉझिटरी पार्टिसिपंट’, बोलण्यात ‘डीपी’. खातं आपण डीपीकडे उघडतो, पण नोंद राहते डिपॉझिटरीच्या संगणकात. खाते क्रमांकाचे सोळाही आकडेच असतील तर खातं सीडीएसएलचं. सुरुवातीला IN ही अक्षरं आणि पुढे चौदा आकडे असतील तर एनएसडीएलचं. तुमचं कुठलं आहे ते आत्ता बघा, पाच सेकंदांचं काम आहे.

यातली एक गोष्ट ऐकून तर मी थक्क झाले. डिपॉझिटरीज कायदा १९९६ चा. त्यानुसार कंपनीच्या दफ्तरी शेअरची ‘नोंदणीकृत मालक’ असते डिपॉझिटरी, आणि आपण असतो ‘लाभार्थी मालक’. लाभांश आपला, मतदानाचा हक्क आपला, विकण्याचा हक्क आपला. डिपॉझिटरीला त्यातलं काहीही मिळत नाही. पण कंपनीच्या नोंदवहीत नाव तिचं! त्यामुळेच माझे शेअर उद्या तुमच्याकडे आले तरी कंपनीला आपली वही उघडावी लागत नाही. बदल होतो तो फक्त डिपॉझिटरीच्या आत, एका खात्यातून वजा आणि दुसऱ्यात जमा. पूर्वी प्रत्येक विक्रीनंतर प्रमाणपत्र आणि हस्तांतराचा अर्ज टपालाने कंपनीकडे जायचा, सही जुळली नाही की परत यायचा, आणि यात आठवडेच्या आठवडे जायचे. ते सगळं या एका कायदेशीर युक्तीने संपलं. १ एप्रिल २०१९ पासून तर कागदी शेअर विकून दुसऱ्याच्या नावावर करताच येत नाही, आधी डिमॅट करून घ्यावा लागतो. आजोबांच्या कपाटात जुनी प्रमाणपत्रं सापडली तर एवढं ध्यानात ठेवा.

म्हणजे डिपॉझिटरीतली नोंद हाच आपल्या शेअरचा सातबारा. आणि तो आपण थेट बघू शकतो, ब्रोकरच्या ॲपवर विसंबायची गरज नाही. सीडीएसएलची ‘ईझी’ आणि एनएसडीएलची ‘आयडियाज’ या दोन्ही सोयी त्याचसाठी आहेत. शिवाय ज्या महिन्यात खात्यात हालचाल झाली त्या महिन्याचं एकत्रित विवरणपत्र, म्हणजे ‘कॅस’, ईमेलवर येतं. त्यात कंपनीच्या नावाशेजारी बारा खुणांचा आयसिन क्रमांक असतो. रिलायन्सच्या शेअरचा आहे INE002A01018. मी आता आयसिन वाचते, हो! एकाच कंपनीचे पूर्ण भरलेले शेअर, अंशतः भरलेले शेअर आणि रोखे यांचे आयसिन वेगवेगळे असतात. नावावरून गोंधळ झाला तरी आयसिनवरून होत नाही.

आता खरी गंमत, म्हणजे तो व्यवहार. ताईने मला एकच खरेदी घेऊन शेवटपर्यंत तिच्या मागे जायला लावलं, तसंच मी इथे करते. समजा मंगळवारी सकाळी तुम्ही एका कंपनीचे ८० शेअर २५० रुपयांना घेतले. रक्कम झाली २०,००० रुपये.

ऑर्डर ब्रोकरकडून एक्स्चेंजला गेली, तिथे विकणाऱ्याच्या ऑर्डरशी जुळली, सौदा झाला. विकणारा कोण, कुठला, ते तुम्हाला कधीच कळणार नाही आणि कळायची गरजही नाही. का, तर सौदा जुळला की मध्ये क्लिअरिंग कॉर्पोरेशन येऊन उभं राहतं. एनएसईचं ‘एनएसई क्लिअरिंग’, बीएसईचं ‘इंडियन क्लिअरिंग कॉर्पोरेशन’. ते विकणाऱ्यासाठी खरेदीदार होतं आणि तुमच्यासाठी विक्रेता होतं. एका सौद्याचे दोन सौदे! आता पलीकडच्या माणसाने हात वर केले तरी तुमची जबाबदारी क्लिअरिंग कॉर्पोरेशनवर आहे. हजारो अनोळखी माणसं एकमेकांशी रोज बिनधास्त व्यवहार करतात ते एवढ्या एका सोयीच्या भरवशावर, आणि ही गोष्ट मला कुणी आधी का सांगितली नाही असं मला राहूनराहून वाटतं.

मंगळवार हा झाला ‘टी’, म्हणजे ट्रेडचा दिवस. हिशेब पुरा होतो ‘टी+१’ला, म्हणजे बुधवारी. बुधवारी सकाळी विकणाऱ्यांकडून शेअर आणि घेणाऱ्यांकडून पैसे क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडे जमा होतात, त्याला म्हणतात पे-इन. मग दुपारी उलट्या दिशेने वाटप होतं, ते पे-आउट. तुमचे ८० शेअर बुधवारी दुपारनंतर तुमच्या डिमॅट खात्यात येतात. पूर्वी ते आधी ब्रोकरच्या खात्यात यायचे आणि तिथून तुमच्याकडे. २०२५ पासून क्लिअरिंग कॉर्पोरेशन ते थेट ग्राहकाच्या डिमॅट खात्यात टाकतं. मधला थांबाच काढून टाकला! ब्रोकर अडचणीत आला तर ग्राहकांचे शेअर त्याच्या खात्यात अडकण्याची जी भीती होती, तिचं मूळच उपटलं.

हा एक दिवस आपल्याला किरकोळ वाटतो. ताईला नाही वाटत. तिने नोकरी धरली तेव्हा आठवडाभराचे सौदे साठवून एकदम मिटवायची पद्धत होती. २००१ च्या अखेरीपर्यंत टप्प्याटप्प्याने टी+५ आलं, एप्रिल २००२ मध्ये टी+३, एप्रिल २००३ मध्ये टी+२. मग जवळजवळ वीस वर्षं तिथेच थांबलो, आणि २७ जानेवारी २०२३ ला सगळा बाजार टी+१ वर आला. अमेरिकेने हेच पाऊल टाकलं मे २०२४ मध्ये, म्हणजे आपल्यानंतर! हे सांगताना ताईचा चेहरा बघायला हवा होता.

टी+१ मधून रोजच्या कामाच्या दोन गोष्टी निघतात.

पहिली लाभांशाची. कंपनी जाहीर करते की अमुक गुरुवारी ज्यांच्या खात्यात शेअर असतील त्यांना लाभांश. ती झाली रेकॉर्ड डेट. गुरुवारी शेअर खात्यात हवेत, म्हणजे खरेदी बुधवारी व्हायला हवी. गुरुवारी सकाळी सव्वानऊला बाजार उघडताच घेतलेत तरी ते येणार शुक्रवारी, आणि लाभांश जाणार विकणाऱ्याला. आणि उलटही खरं आहे! गुरुवारी विकलेत तरी लाभांश तुमचाच. हिशेब लक्षात आला की पाठ करायला काही उरतच नाही.

दुसरी गोष्ट जरा सांभाळण्यासारखी आहे. मंगळवारी घेतलेले शेअर बुधवारी सकाळीच, खात्यात यायच्या आत विकायची मुभा बरेच ब्रोकर देतात. बहुतेक वेळा सुरळीत होतं. पण मंगळवारी ज्याने तुम्हाला विकले त्याने बुधवारी ते दिलेच नाहीत तर? मग तुमच्याकडे नाहीत, आणि तुम्ही मात्र पुढच्याला देणं लागता. याला ‘शॉर्ट डिलिव्हरी’ म्हणतात. अशा वेळी एक्स्चेंज लिलाव पुकारून बाजारातून शेअर विकत घेतं आणि ज्याला मिळायला हवेत त्याला एक दिवस उशिरा देतं. लिलावातही मिळाले नाहीत, तर ठरलेल्या नियमाने रोख भरपाई. निव्वळ घेणारा असाल तर तुमचं नुकसान होत नाही, एक दिवस जातो. पण न आलेले शेअर पुढे विकून बसला असाल, तर लिलावातल्या चढ्या भावाचा फरक तुमच्या खात्यातून वळता होतो. खरेदीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत शेअर दिसले नाहीत, तर आधी बघा की तो दिवस बँकेच्या सुटीचा तर नव्हता. बाजार चालू आणि बँका बंद असल्या तर हिशेबाचा दिवस पुढे ढकलला जातो. सुटी नसेल, तर शॉर्ट डिलिव्हरीचा संशय घ्यायचा आणि ब्रोकरला विचारायचं. ज्या शेअरांची उलाढाल तुरळक असते तिथे हे जास्त होतं.

आता पैसे! मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते याच्याबद्दल.

व्यवहाराच्या दिवशी रात्रीपर्यंत ब्रोकरकडून ईमेलवर एक पीडीएफ येते, तिचं नाव कॉन्ट्रॅक्ट नोट. चोवीस तासांच्या आत ती पाठवणं त्याला बंधनकारक आहे. पासवर्ड बहुतेक वेळा आपला पॅन क्रमांक. उघडली की वर ऑर्डर नंबर, ट्रेड नंबर, सौदा झाल्याची वेळ अगदी सेकंदापर्यंत, मग नग आणि भाव. आपल्या ८० शेअरच्या दोन ओळी दिसल्या तर घाबरू नका. ५० एकाकडून मिळाले असतील, ३० दुसऱ्याकडून. खाली छोट्या अक्षरांत कपातींचा तक्ता असतो. बहुतेक लोक इथे पीडीएफ बंद करतात, आणि नेमकी तिथेच सगळी माहिती आहे!

आपल्या २०,००० च्या खरेदीचा तक्ता मी वाचून दाखवते. ब्रोकरेज २० रुपये धरू. कुणी डिलिव्हरीवर काहीच घेत नाही, कुणी टक्क्यांत घेतं, पण ऑर्डरमागे २० रुपये हा बऱ्याच ठिकाणचा दर आहे. पुढची ओळ एसटीटी, म्हणजे सिक्युरिटीज ट्रान्झॅक्शन टॅक्स. १ ऑक्टोबर २००४ पासून लागू झालेला हा केंद्र सरकारचा कर. डिलिव्हरीच्या व्यवहारात घेतानाही ०.१ टक्का आणि विकतानाही ०.१ टक्का. २०,००० वर झाले २० रुपये. नफा होवो वा तोटा, हा जातोच. तिसरी ओळ एक्स्चेंजच्या शुल्काची, एनएसईवर लाखाला साधारण ३ रुपये, म्हणून आपल्याला ५९ पैसे. चौथी सेबीच्या फीची, कोटीला १० रुपये, आपल्या वाट्याला २ पैसे. दोन पैसे! तरी त्यांची वेगळी ओळ आहे. पुढे जीएसटी १८ टक्के, पण तो शेअरच्या किमतीवर नाही हं. ब्रोकरेज, एक्स्चेंजचं शुल्क आणि सेबीची फी यांच्या बेरजेवर, म्हणून ३ रुपये ७१ पैसे. शेवटी मुद्रांक शुल्क, फक्त खरेदीवर, ०.०१५ टक्के, म्हणजे ३ रुपये. बेरीज ४७ रुपये ३२ पैसे. खात्यातून गेले २०,०४७.३२.

यातल्या दोन ओळींवर माझा फार जीव जडला आहे. एक मुद्रांक शुल्काची. १ जुलै २०२० पासून देशभर त्याचा दर एकच आहे आणि ते बाजारातच गोळा होतं, पण मिळतं ते खरेदीदार जिथे राहतो त्या राज्याला. म्हणजे साताऱ्यात बसून मी शेअर घेतला तर माझे ३ रुपये महाराष्ट्राच्या तिजोरीत, आणि पणजीत राहणाऱ्या माझ्या भाच्याने घेतला तर त्याचे गोव्याच्या.

दुसरी एक्स्चेंजच्या शुल्काची. पूर्वी एक्स्चेंजचे दर उलाढालीच्या पायऱ्यांप्रमाणे होते, ब्रोकरची उलाढाल मोठी तर दर कमी. ब्रोकर मात्र ग्राहकाकडून वरच्या पायरीचा दर घेत आणि एक्स्चेंजला खालच्या पायरीने भरत. मधला फरक त्यांचा. सेबीने २०२४ मध्ये परिपत्रक काढून हे थांबवलं आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून सगळ्यांना एकच दर लागू झाला. ग्राहकाकडून या नावाने जेवढे घ्याल तेवढेच पुढे भरा. अशा साध्या, स्वच्छ नियमाने मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! तुमच्या नोटमध्ये ही ओळ एक्स्चेंजच्या जाहीर दराशी ताडून बघता येते, गुणाकार तेवढा करायचा.

आता समजा काही दिवसांनी भाव २५५ झाला आणि तुम्ही ८०च्या ८० विकले. आले २०,४०० रुपये. विकताना आधी एक पायरी असते. डिमॅट खात्यातून शेअर बाहेर जायचे तर खातेदाराची परवानगी लागते. सीडीएसएलचं खातं असेल तर तिच्याच पानावर टी-पिन आणि मोबाइलवर आलेला ओटीपी टाकायचा. ते पान ब्रोकरचं नसतं, हे मुद्दाम लक्षात घ्या. रोज ही कटकट नको असेल तर ‘डीडीपीआय’ नावाचा मर्यादित अधिकार ब्रोकरला एकदाच लिहून देता येतो. पूर्वीच्या ऐसपैस मुखत्यारपत्राची जागा आता त्याने घेतली आहे. परवानगी मिळाली की शेअर तुमच्याच खात्यात गोठवले जातात आणि दुसऱ्या दिवशीच्या पे-इनला निघतात.

विक्रीची कॉन्ट्रॅक्ट नोट बघू. ब्रोकरेज २०, एसटीटी रुपयाच्या पूर्णांकात २०, एक्स्चेंज ६१ पैसे, सेबी २ पैसे, जीएसटी ३ रुपये ७१ पैसे. मुद्रांक शुल्क नाही. बेरीज ४४ रुपये ३४ पैसे. म्हणजे दोन्ही मिळून ९१ रुपये ६६ पैसे कापले गेले, झालं, संपलं.

“संपलं?” ताई म्हणाली. “लेजर उघड.”

आणि इथे मी खुर्चीत सावरून बसले! लेजर म्हणजे ब्रोकरकडचं आपलं खातेउतारा पान, ॲपमध्ये ‘रिपोर्ट्स’ किंवा ‘स्टेटमेंट्स’खाली सापडतं. त्यात विक्रीच्या नोंदीशेजारी एक वेगळी नोंद होती, ‘डीपी चार्जेस’. आपल्या उदाहरणात १३ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून १५ रुपये ३४ पैसे. ही रक्कम कॉन्ट्रॅक्ट नोटमध्ये नसते. नोट असते ब्रोकर म्हणून केलेल्या सौद्याची. हे पैसे तो घेतो डीपी म्हणून, तुमच्या डिमॅट खात्यातून शेअर बाहेर काढल्याबद्दल. त्यातले साडेतीन रुपये सीडीएसएलचे, उरलेले डीपीचे. दर ब्रोकरगणिक बदलतो, पण नोंद लेजरमध्येच भेटते. लपवलेलं काही नाही, दरपत्रकात छापलेलं असतं. तरी वर्षानुवर्षं शेअर घेणारे लोक मला भेटतात ज्यांनी ही ओळ कधी पाहिलेलीच नाही!

एकूण कपात झाली बरोबर १०७ रुपये. वरवर दिसणारा नफा ४००, हातात पडले २९३. म्हणजे २५० ला घेतलेला शेअर किमान २५१ रुपये ३५ पैशांच्या आसपास जाईपर्यंत तुम्ही कागदावर नफ्यात आणि प्रत्यक्षात तोट्यात असता.

डीपी शुल्काची रीत नीट समजून घेण्यासारखी आहे. ते लागतं फक्त विकताना, एका दिवसात एका कंपनीमागे एकदा. नग किती, रक्कम किती, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ८० विका नाहीतर ८,००० विका, १५.३४ च. एकाच दिवशी तीन ऑर्डरींत विकलेत तरी एकदाच. पण हेच ८० शेअर चार वेगवेगळ्या दिवशी वीस-वीस करून विकलेत तर? डीपी शुल्क चार वेळा, ब्रोकरेज चार वेळा, त्यावरचा जीएसटीही चार वेळा. प्रत्येक जादा दिवसाला ३८ रुपये ९४ पैसे. तीन जादा दिवसांचे ११६ रुपये ८२ पैसे. एकूण कपात १०७ वरून २२४ रुपयांवर गेली. चारशेच्या नफ्यातले निम्म्याहून जास्त गेले, आणि भाव तर जागचा हलला नव्हता!

छोट्या रकमेला हे आणखी बोचतं. २,००० रुपयांचे शेअर विकले तर नुसतं डीपी शुल्कच पाऊण टक्क्याच्या वर जातं. दर महिन्याला थोडेथोडे शेअर घेणं उत्तम. घेताना डीपी शुल्क नाही. काढताना मात्र एका कंपनीचे शेअर शक्यतो एकाच दिवशी काढावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि पाहा, हिशेब किती सरळ आहे! सकाळी घेऊन त्याच दिवशी दुपारी विकणाऱ्याला डीपी शुल्क लागत नाही, कारण त्याच्या डिमॅट खात्यातून काही हललंच नाही. त्याला एसटीटीही फक्त विक्रीवर ०.०२५ टक्के. प्रत्येक पैसा कुठल्या ना कुठल्या प्रत्यक्ष हालचालीला बांधलेला आहे. हालचाल नाही, तर पैसा नाही. (एवढ्यावरून रोज घ्या-विका करायला निघू नका, तिथे ब्रोकरेज दिवसाला कितीदा लागतं ते मोजा.)

लेजरमध्येच आणखी एक नोंद सापडेल, वार्षिक देखभाल शुल्क. ती व्यवहाराची नाही, खात्याची. पण १ सप्टेंबर २०२४ पासून मूलभूत डिमॅट खात्याला, म्हणजे ‘बीएसडीए’ला, चार लाखांपर्यंतच्या शेअरांवर हे शुल्क शून्य आहे आणि चार ते दहा लाखांपर्यंत वर्षाला १०० रुपये. अट एकच, पहिला किंवा एकटा खातेदार म्हणून तुमचं डिमॅट खातं एकच असायला हवं. भेटवस्तूच्या ऑफरमुळे दोन-तीन ब्रोकरांकडे खाती उघडून ठेवली असतील तर ही सवलत हातची जाते, आणि प्रत्येक खातं आपापलं शुल्क कापत राहतं.

एक शेवटची गोष्ट, विवरणपत्र भरणाऱ्यांसाठी. भांडवली नफा काढताना ब्रोकरेजसारखा खर्च वजा करता येतो, एसटीटी मात्र वजा करता येत नाही, तसं कायद्यात स्पष्ट म्हटलं आहे. आपल्या उदाहरणात दोन्ही बाजूंचे मिळून ४० रुपये एसटीटीचे आहेत. ते खिशातून गेले, पण करासाठी ते गेलेच नाहीत असं धरून हिशेब करावा लागतो.

आज रात्री एवढंच करा. तुमच्या शेवटच्या विक्रीची कॉन्ट्रॅक्ट नोट उघडा, त्याच तारखेचं लेजर शेजारी उघडा, आणि दोन्हींमधल्या सगळ्या कपाती एका कागदावर उतरवून बेरीज करा. एखादी ओळ कळली नाही तर ब्रोकरला लेखी विचारा. ती कशाची आहे हे सांगणं त्याचं कामच आहे.